शू पेस्ट्री: अंड्याने ती फुगते कशी, आणि पीठ सैल किंवा घट्ट झालं तर काय करायचं

क्रीम पफ आणि एक्लेअरमध्ये क्रीम ज्या पोकळ कवचात भरतात, ती शू पेस्ट्री. लातूरला घरच्या ओटीजीत ती जमवायला मला जवळपास दोन महिने लागले. पहिल्या वेळी लाडवासारखे टणक गोळे निघाले. दुसऱ्या वेळी ट्रेवर चपट्या चकत्या पसरल्या. कृती दोन्ही वेळा एकच होती, आणि पहिल्या वेळी तर मी ती निम्म्या प्रमाणात शब्दशः पाळली होती. चूक एकाच ओळीत दडली होती: 'अंडी ४'.

या पदार्थात अंडी मोजून घालता येत नाहीत. ती किती लागतील हे तुमच्या भांड्यातली उकड ठरवते. एवढं कळलं की पीठ बिघडलं तरी बहुतेक वेळा सावरता येतं. म्हणून या लेखात क्रीमबद्दल, चॉकलेटबद्दल काहीच नाही. फक्त पीठ, अंडं आणि फुगणं.

## १. आधी भाकरी आठवा

शू पेस्ट्रीत बेकिंग पावडर नसते, सोडा नसतो, यीस्ट नसतं. ती फुगते निव्वळ वाफेवर. आपल्याकडे रोज चुलीवर नाहीतर गॅसवर हेच घडतं. तव्यावर भाकरीची वरची बाजू पाण्याने पुसून उलटली, की बाहेरचा थर आधी आवळतो, आतल्या पाण्याची वाफ होते आणि पापुद्रा वर उचलला जातो. भाकरीला कुठे चीर असेल तर वाफ तिथून निसटते आणि भाकरी फुगत नाही. शूच्या गोळ्याचंही असंच आहे. फरक इतकाच की भाकरीचे दोन पापुद्रे वेगळे होतात, आणि इथे सगळा गोळा चारही बाजूंनी ताणला जाऊन आत एक मोठी पोकळी होते.

पाण्याची वाफ झाली की ती पाण्याच्या सोळाशे पटीहून जास्त जागा घेते. म्हणजे फुगायला भरपूर पाणी हवं. पण इतकं पाणी मैद्यात नुसतं कालवलं तर धिरड्याचं पीठ होईल, त्याचा गोळा ट्रेवर उभाच राहणार नाही. यावरचा उपायही आपल्या घरात आहे. जोंधळ्याच्या पिठाची विरी गेली की माझ्या सासूबाई म्हणतात, "पाणी कडक तापू दे, मग थापताना तुटत न्हाई." उकळत्या पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो, पाणी धरून ठेवतो आणि चिकटपणा येतो. शू पेस्ट्रीची पहिली पायरी हीच आहे, मैद्याची उकड काढणे. उकड काढलेला मैदा कच्च्या मैद्यापेक्षा कितीतरी जास्त पाणी पोटात धरून ठेवतो आणि तरी वाहत नाही.

आता अंडं. अंड्याचा जवळपास पाऊण भाग पाणीच असतो, म्हणून ते वाफेचं पाणी आणखी वाढवतं. हे त्याचं पहिलं काम. दुसरं काम असं की ते घट्ट उकडीला सैल आणि लवचीक करतं, म्हणजे आतून वाफ ढकलायला लागली की पीठ न फाटता ताणलं जातं. पिवळ्या बलकात लेसिथिन असतं, ते लोण्याला पिठात बांधून ठेवतं, तूप वेगळं सुटू देत नाही. आणि तिसरं काम सगळ्यात महत्त्वाचं: अंड्यातलं प्रथिन तापलं की आळतं. उकडलेलं अंडं पुन्हा पातळ होत नाही, तसंच. ताणलेली भिंत त्याच जागी घट्ट होते आणि आतली वाफ निघून गेली तरी कवच उभं राहतं.

आता क्रम बघा. ओटीजीत गेल्यावर बाहेरचा थर आधी तापतो आणि त्यावर साय धरल्यासारखी कातडी येते. आतलं पीठ अजून मऊ असतं. तिथे वाफेचे लहान बुडबुडे होतात, एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा एक मोठा फुगा होतो. तो मऊ पिठाला बाहेरच्या भिंतीकडे दाबत जातो. मग भिंत आळते. पोकळी अशी तयार होते.

यावरून पीठ बिघडलं की काय होईल तेही कळतं. घट्ट पीठ ताणलं जात नाही. बुडबुडे एकमेकांत मिसळत नाहीत, आत पावासारखी जाळी राहते आणि कवच जागोजागी तडकतं. सैल पिठाची भिंत इतकी पातळ असते की ती वाफ धरू शकत नाही. गोळा वर जाण्याऐवजी आडवा पसरतो.

## २. काय काय लागेल

हे प्रमाण साधारण १५ लहान पफचं आहे. नवख्याने यापेक्षा जास्त करू नये, कारण एका ट्रेत बसतं आणि बिघडलं तर नुकसान थोडं.

- पाणी १२५ ग्रॅम (मि.ली. म्हटलं तरी तेच)
- लोणी, म्हणजे बाजारचं बटर, ५५ ग्रॅम, बारीक तुकडे करून
- मैदा ७५ ग्रॅम, चाळून
- मीठ चिमूटभर. बटर खारं असेल तर मीठ घालूच नका
- साखर अर्धा चमचा, हवी असेल तर
- अंडी ३, फोडून, एकत्र फेटून. यातलं सगळं लागेलच असं नाही

साधनांत एकच गोष्ट अडून बसण्यासारखी आहे: ग्रॅममध्ये मोजणारा लहान वजनकाटा. जाड बुडाचं स्टीलचं पातेलं घ्या. नॉनस्टिक नको, त्यात पुढे सांगितलेली खूण दिसत नाही. एक लाकडी उलथणं लागेल. पायपिंग बॅग नसेल तर दुधाची जाड पिशवी स्वच्छ धुऊन, वाळवून, तिचा कोपरा कापला तरी चालतं.

अंड्यांबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण माझी पहिली चूक तिथेच होती. परदेशी कृतीत अंडं म्हटलं की कवच काढून साधारण ५० ग्रॅम धरलेलं असतं. आपल्या दुकानातल्या ट्रेमधलं पांढरं अंडं बऱ्याचदा कवचासकटच ५० ग्रॅमच्या आसपास भरतं. कवच काढलं की ४४ उरतात. गावरान अंडं तर आणखी लहान असतं. वरच्या प्रमाणाला अंडं साधारण १०० ते १२५ ग्रॅम लागतं. कृतीतल्या चार अंड्यांचं निम्मं म्हणून मी दोन घातली, म्हणजे ८८ ग्रॅम. गोळे टणक झाले. पुढच्या वेळी तीन घातली, तर १३२ ग्रॅम झाले आणि शिवाय उकड नीट शिजली नव्हती. चकत्या पसरल्या. दोन अंडी कमी आणि तीन जास्त, हीच या प्रमाणाची अडचण आहे. म्हणून अंडी आधी फेटा आणि मग वजन करून घाला.

## ३. उकड काढणे

सुरू करण्याआधी रिकाम्या पातेल्याचं वजन कागदावर लिहून ठेवा. पुढे त्याचा फार उपयोग होतो.

पाणी, लोणी, मीठ, साखर एकत्र करून मंद आचेवर ठेवा. लोणी पूर्ण वितळेपर्यंत पाण्याला उकळी येऊ देऊ नका. लोण्याचा मोठा गोळा टाकला तर तो वितळेपर्यंत पाणी उकळून आटत राहतं, आणि आपलं मोजमाप सुरुवातीलाच चुकतं. लोणी वितळलं की आच मोठी करा. खदखदून उकळी आली की लगेच गॅस बंद करून सगळा मैदा एकदम ओता आणि जोरात घोटा. थोडाथोडा मैदा घातला तर गुठळ्या होतात.

अर्ध्या मिनिटात गोळा जमतो. आता गॅस पुन्हा मध्यम करा आणि गोळा पातेल्याच्या तळाशी पसरवत, उलटत दोन ते तीन मिनिटं परता. यात स्टार्च पूर्ण शिजतो आणि जास्तीचं पाणी उडून जातं. पातेल्याच्या तळाला पांढरट पातळ पापुद्रा धरला आणि गोळा कडा सोडून एकत्र फिरायला लागला, की झालं.

नवख्याला 'झालं' कधी ते ओळखता येत नाही, म्हणून काटा. सगळं सामान मिळून साधारण २५७ ग्रॅम होतं. परतल्यावर पातेल्यासकट वजन करा आणि पातेल्याचं वजन वजा करा. उकड २३५ ते २४० ग्रॅमच्या दरम्यान असली की बरोबर. २५० भरली तर पाणी पुरेसं उडालेलं नाही, अजून मिनिटभर परता. २३० च्या खाली गेली तर जास्त वाळली आहे. तिला अंडं जास्त लागेल हे लक्षात ठेवा.

परतताना गोळ्यातून तूप सुटून तो तेलकट चमकायला लागला तर लगेच गॅस बंद करा. एक चमचा गरम पाणी घालून घोटलं की बहुधा पुन्हा जुळून येतं.

## ४. थंड करणे

या पायरीत लिहिण्यासारखं फार नाही, पण ती गाळली तर सगळं वाया जातं. उकड गरमागरम असताना अंडं घातलं तर ते तिथेच शिजतं. पांढऱ्या भागाचं आळणं साधारण ६० अंशांच्या थोडं वर सुरू होतं. भांड्यात शिजलेलं प्रथिन पुढे ओटीजीत भिंत बांधायला उरत नाही.

उकड परातीत पसरवा आणि अधूनमधून उलथण्याने हलवा. बोट आत खुपसून निवांत ठेवता आलं पाहिजे. थंडीत पाच मिनिटं पुरतात. मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात दहा ते बारा मिनिटं लागतात. पंख्याखाली ठेवणार असाल तर हलवत राहा, कारण इथल्या कोरड्या हवेत वरचा थर पटकन वाळतो आणि त्याचे कण पुढे पिठात राहतात.

## ५. अंडं घालणे

फेटलेल्या अंड्याची वाटी काट्यावर ठेवून वजन लिहा. म्हणजे किती घातलं ते वाटीत उरलेल्यावरून कळतं.

पहिल्यांदा साधारण ४० ग्रॅम घाला आणि घोटा. इथे प्रत्येक नवखा घाबरतो. उकडीचे निसरडे तुकडे होतात, ते अंड्यात पोहत राहतात, फाटल्यासारखं दिसतं. या क्षणी मैदा घालू नका. अंडंही घालू नका. फक्त घोटत राहा. मिनिटभरात तुकडे अंडं पितात आणि पीठ पुन्हा एक होतं. मग आणखी ३० ग्रॅम, पुन्हा तसंच. असं करत ९५ ते १०० ग्रॅमपर्यंत या. त्यानंतर मात्र एकेक चमचा, आणि प्रत्येक चमच्यानंतर तपासणी.

तपासण्याच्या तीन पद्धती आहेत. मी तिन्ही करते.

उलथणं उचलून: भरपूर पीठ घेऊन उलथणं वर धरा. पीठ एकदम सुटून पडलं नाही, चिकटूनही राहिलं नाही, हळूहळू खाली घसरलं आणि शेवटी उलथण्याला टोकदार त्रिकोणी जीभ लटकत राहिली, तर बरोबर. तुकडा तुटून थप्कन पडला आणि कडा ओबडधोबड राहिली तर घट्ट. फितीसारखं वाहत राहिलं तर सैल.

बोटाने चर काढून: पिठात बोटभर खोल रेघ ओढा. कडा सावकाश आत सरकल्या पाहिजेत. चर तसाच राहिला तर घट्ट, लगेच बुजला तर सैल.

एक गोळा पाडून: ताटलीवर रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा गोळा पाडा. त्याचं शेंडी काढलेलं टोक किंचित वाकलं पाहिजे, पण गोळ्यात विरून जाता कामा नये. गोळा उंच राहिला पाहिजे.

एक सावधगिरी. पीठ गरम असताना सैल वाटतं, कारण लोणी वितळलेलं असतं. तेच पीठ कोमट झालं की घट्ट दिसतं. म्हणून निर्णय कोमट असतानाच घ्यावा. गरम पीठ बघून 'झालं' म्हणून थांबलात तर पिशवीत भरेपर्यंत ते घट्ट झालेलं असेल.

## ६. पीठ घट्ट झालं तर

ही चूक सुधारायला सोपी आहे, म्हणून शंका असेल तेव्हा घट्टच्या बाजूला थांबा.

आधी वाटी बघा: आतापर्यंत किती अंडं गेलं? १०० ग्रॅमपेक्षा कमी गेलं असेल तर अंडंच कमी पडलंय. एकेक चमचा फेटलेलं अंडं घाला, प्रत्येक वेळी पूर्ण जिरू द्या. पिशवीत भरल्यावर लक्षात आलं तरी हरकत नाही, पीठ परत भांड्यात काढा.

पण १२५ ग्रॅम अंडं जाऊनही पीठ घट्ट असेल तर अंडं कमी नाही, पाणी कमी आहे. उकड जास्त वाळली होती. अशा वेळी अंडं वाढवत गेलात तर कवचाला अंड्याचा वास येतो आणि ते चिवट होतं. इथे कोमट पाणी किंवा दूध चमच्याने घाला. एका चमच्यात, म्हणजे ५ मि.ली. पाण्यात, फरक दिसतो. दोन चमच्यांवर मला कधी जावं लागलेलं नाही.

## ७. पीठ सैल झालं तर

आधी काय करायचं नाही ते सांगते, कारण हात आपोआप तिकडेच जातो.

वरून कोरडा मैदा घालू नका. तो मैदा शिजलेला नसतो, त्याने पाणी पकडलेलं नसतं, आणि घोटल्यावर त्यातलं ग्लुटेन पीठ रबरासारखं करतं. पीठ हाताला घट्ट लागतं, पण फुगत नाही. कॉर्नफ्लोअरचंही तेच. पातेलं परत गॅसवर ठेवून आटवायला जाऊ नका, आता त्यात अंडं आहे. अंड्याची भुर्जी होईल.

पीठ किती सैल आहे यावर पुढचं ठरतं. टोक वाकून जवळजवळ विरतं, पण गोळा उंच राहतो, असं असेल तर झाकून अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. लोणी थोडं आळतं आणि गोळा पाडता येतो. उन्हाळ्यात पीठ सैल वाटण्याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

गोळा ताटलीवर पसरतच असेल तर एकच खरा उपाय आहे: नवी उकड काढायची, अंड्याशिवाय, आणि सैल पीठ तिला अंड्याच्या जागी पाजायचं.

माझ्या त्या दुसऱ्या वेळी पीठ असंच झालं होतं. तेव्हा हा उपाय मला माहीत नव्हता. पुढे एकदा ओळखीच्या वहिनींकडे तेच झालं, तेव्हा आम्ही दोघींनी मिळून हे केलं. त्यांनी उकड अर्धा मिनिटच परतली होती. वजन २५२ ग्रॅम, म्हणजे पाणी जेमतेम ५ ग्रॅम उडालेलं. त्यात मोठी तीन अंडी एकदम ओतली होती, १४० ग्रॅमच्या वर. पीठ उलथण्यावरून धारेसारखं वाहत होतं. वहिनी मैद्याचा डबा घेऊन उभ्याच होत्या.

आम्ही निम्म्या प्रमाणाची उकड काढली: पाणी ६० ग्रॅम, बटर २७, मैदा ३७. दोन मिनिटं चांगली परतली, थंड केली. मग त्या नव्या घट्ट उकडीत सैल पीठ पळीपळीने घालून घोटलं. उलटं करायचं नाही. सैल पिठात घट्ट उकड टाकली तर तिच्या गाठी पोहत राहतात, त्या मोडता मोडत नाहीत. अंडं घालतानाचाच नियम इथे लागू होतो: पातळ गोष्ट घट्ट गोष्टीत, थोडीथोडी.

पहिल्या दोन पळ्यांनंतर तसेच निसरडे तुकडे झाले, मग जुळले. पाऊण पीठ गेल्यावर जीभ लटकायला लागली, पण तुटक. मग चमच्याने घालत गेलो. जवळजवळ सगळं सैल पीठ संपलं तेव्हा चर सावकाश बुजला. हिशेब केला तर मैदा एकूण ११२ ग्रॅम आणि अंडं १४० ग्रॅम, म्हणजे ७५ ग्रॅम मैद्याला साधारण ९४. पाणी जास्त राहिलं होतं म्हणून अंडं थोडं कमी पडूनही पीठ जमलं. पंधराऐवजी बावीस पफ झाले. आतून पोकळ होते.

हा उपाय करताना सगळं सैल पीठ संपवायचा हट्ट धरू नका. तपासणीत बरोबर आलं की थांबा, चार चमचे उरले तर उरू द्या.

## ८. ओटीजीत

ओटीजी २०० अंशांवर १५ मिनिटं आधी तापवा. रॉड दोन्ही चालू ठेवा, ट्रे मधल्या खाचेत. फक्त वरचा रॉड चालू असला तर वरची कातडी फार लवकर आवळते आणि गोळा बाजूने फुटतो.

गोळे साधारण ४ सेंटिमीटर रुंद, दोघांत तीन बोटं जागा सोडून पाडा. टोकं ओल्या बोटाने दाबून सपाट करा, नाहीतर ती आधी जळतात. आपल्याकडची हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी असते की ट्रे बाहेर दहा मिनिटं राहिला तरी गोळ्यांवर कोरडी साल येते आणि ती ताणली जात नाही. पाडले की हलकं पाणी शिंपडा आणि लगेच आत ठेवा.

२०० वर १५ मिनिटं, मग १७० वर आणखी २० ते २५ मिनिटं. पहिली २० मिनिटं दार उघडायचं नाही. भिंत तोवर आळलेली नसते, थंड हवा शिरली की आतली वाफ पाणी होते आणि गोळा बसतो. बसलेला गोळा पुन्हा उठत नाही. रंग नुसता पिवळसर नको, गडद बदामी हवा. फुगलेल्या भेगांच्या आतही रंग आला पाहिजे. काढल्यावर प्रत्येकाला सुरीच्या टोकाने बारीक भोक पाडा आणि बंद केलेल्या ओटीजीत दार किलकिलं ठेवून पाच मिनिटं ठेवा, म्हणजे आतली वाफ निघून जाईल.

लोडशेडिंगची वेळ आधी बघून ठेवा. घरच्या इन्व्हर्टरवर ओटीजी चालत नाही. भाजताना वीज गेलीच तर दार बंद ठेवून थांबा. सुरुवातीच्या दहा मिनिटांत गेली आणि पाच मिनिटांत आली नाही, तर ती ट्रे गेली समजा. शेवटच्या दहा मिनिटांत गेली तर आतल्या उष्णतेवर काम निभावतं. म्हणूनच मी सगळं पीठ एकदम पाडत नाही. निम्मं पिशवीत बांधून फ्रिजमध्ये ठेवते, दुसऱ्या दिवसापर्यंत ते चांगलं राहतं.

## ९. एक पफ कापून बघा

भरण्याआधी एक आडवा कापा.

आत मोठी पोकळी आणि थोडे ओले धागे असतील तर पीठ बरोबर होतं. धागे जास्त ओले असतील तर बाकीचे पाच मिनिटं आणखी वाळवा. पोकळीऐवजी पावासारखी जाळी, जाड भिंत आणि वर वेड्यावाकड्या भेगा असतील तर पीठ घट्ट होतं. पफ रुंद, चपटा आणि तळाशी आत वळलेला असेल तर सैल होतं.

आणि ओटीजीत छान फुगून बाहेर काढल्यावर बसला असेल तर पिठाला दोष देऊ नका. तो कमी भाजला गेलाय. हा फरक ओळखणं फार गरजेचं आहे, कारण अशा वेळी पुढच्या खेपेला लोक अंडं कमी करतात आणि चांगलं जमत आलेलं पीठ बिघडवून बसतात. प्रमाण तसंच ठेवा, १७० वरची वेळ पाच मिनिटं वाढवा.

प्रत्येक वेळचे दोन आकडे मी वहीत लिहिते, उकडीचं वजन आणि गेलेलं अंडं. मे महिन्यातल्या एका पानावर उकड २३१, अंडं १२४ आहे. ऑगस्टमधल्या पानावर उकड २४०, अंडं ११२. उन्हाळ्यात मैदाही कोरडा असतो, तो जास्त पितो. तुमच्या पातेल्याचे, तुमच्या गॅसचे आकडे वेगळे येतील. पाच-सहा वेळा लिहिले की पुढच्या वेळी उकड काट्यावर ठेवतानाच अंडं साधारण किती लागेल ते कळायला लागतं.